अंबडची एक शेड, दोन जॉब आणि १२.१ टक्के

माझ्या मामाची अंबड एमआयडीसीत छोटी मशीन शॉप आहे. मामाने एका लेथवर सुरू केली होती, आता दोघं मामेभाऊ बघतात, दादा बाहेरचं म्हणजे पार्टी, बँक, पेमेंट वगैरे आणि धाकटा आतलं, मशीन, माणसं, क्वालिटी. मी अकाउंट्सचं काम करते म्हणून असं काही अडलं की फोन मला येतो. यावेळी रविवारी सकाळीच आला, दोघंही स्पीकरवर, आणि दोघांचा आवाज चढलेला.

झालं असं होतं की त्यांना एक नवीन व्हीएमसी मशीन घ्यायचं होतं, फिक्स्चर, टूलिंग, बसवणं सगळं धरून ४० लाख. मशीन एकच, पण त्यावर करायला दोन वेगवेगळे जॉब समोर होते आणि दोन्ही घेता येत नव्हते, कारण शेडमध्ये अजून एकाच मशीनपुरती जागा होती, विजेचा मंजूर लोडही तेवढाच, आणि कुठलाही जॉब घेतला तरी मशीन तीनही शिफ्ट त्यातच अडकणार होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण दोन्ही घेता आले असते तर हा प्रश्नच नव्हता, दोन्ही फायद्याचे होते, दोन्ही घेऊन टाकायचे. एक घेतला की दुसरा जातो अशी स्थिती असेल तेव्हाच पहिला कोण आणि दुसरा कोण याला अर्थ येतो.

पहिला जॉब जुन्या पार्टीचा. पार्ट ओळखीचा, ड्रॉइंग हातात, पहिल्या महिन्यापासून काम सुरू, पण ज्या मॉडेलला तो पार्ट लागतो ते मॉडेल उताराला लागलंय, म्हणजे दर वर्षी क्वांटिटी कमी होत जाणार. दुसरा जॉब नव्या पार्टीचा. आधी सॅम्पल, मग अप्रूव्हल, मग थोडी थोडी ऑर्डर, आणि खरं काम तिसऱ्या वर्षापासून, पाचव्या वर्षी पार्टी रेट कमी करून मागणार हे गृहीत धरून आकडा थोडा खाली. दोघांनी बसून मटेरियल, पगार, वीज, टूल सगळं वजा करून हातात काय उरेल ते काढलं होतं. आकडे लाखांत, टॅक्सच्या आधीचे, आणि इथे मी थोडे गोल केलेत.

| वर्ष | जुना जॉब | नवा जॉब | नवा वजा जुना |
|---|---|---|---|
| ० | −४० | −४० | ० |
| १ | २० | ४ | −१६ |
| २ | १६ | १० | −६ |
| ३ | १२ | १६ | ४ |
| ४ | ६ | २० | १४ |
| ५ | ४ | १७ | १३ |

नुसती बेरीज केली तर जुन्या जॉबमध्ये पाच वर्षांत ४० घालून ५८ येतात, नव्यात ६७. पण पाचव्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघांनी आपापल्या मोबाईलवर एनपीव्ही काढला, म्हणजे पुढे येणारे सगळे पैसे एका रेटने आजच्या किमतीत आणून त्यातून ४० वजा केले. दादाचं उत्तर आलं, जुना ७.९३ लाख, नवा ९.६६ लाख, म्हणजे नवा घ्यायचा. धाकट्याचं उत्तर आलं, जुना २.८० लाख, नवा १.४५ लाख, म्हणजे जुना घ्यायचा. आणि दोघंही ठाम की समोरच्याने गणित चुकवलंय.

मी दोघांच्या शीट मागवल्या. गणित दोघांचंही बरोबर होतं. दादाने रेट ९ टक्के धरला होता, कारण बँकेने मशीन लोनला तोच कोट केला होता. धाकट्याने १५ टक्के धरला होता, कारण पार्टीचं पेमेंट लांबलं की ते बाजारात बिलं डिस्काउंट करून पैसे उचलतात, ते त्याला १५ ला पडतात आणि दर महिन्याला ते व्याज त्याच्या डोळ्यासमोर जातं. कॅश फ्लो तेच, मशीन तेच, फक्त रेट बदलला आणि पहिला नंबर बदलला.

आता जर ९ ला नवा पुढे आणि १५ ला जुना पुढे, तर मध्ये कुठेतरी दोघं बरोबरीत येणारच. तो रेट म्हणजे क्रॉसओव्हर रेट. या केसमध्ये तो १२.१ टक्के निघाला आणि त्या रेटला दोन्ही जॉबचा एनपीव्ही ५.१५ लाख येतो. १२.१ च्या खाली कुठलाही रेट धरा, नवा जिंकतो, आणि वर कुठलाही धरा, जुना.

काढायची पद्धत सोपी आहे. एका जॉबमधून दुसरा वर्षागणिक वजा करायचा, वर टेबलमध्ये शेवटच्या कॉलममध्ये केलंय तसं, आणि त्या फरकाच्या ओळीचा आयआरआर काढायचा. दोन एनपीव्ही समान म्हणजे त्यांच्या फरकाचा एनपीव्ही शून्य, आणि ज्या रेटला एनपीव्ही शून्य होतो त्यालाच आयआरआर म्हणतात, एवढंच आहे ते. शीटमध्ये वर्ष ० ची ओळ दुसरी असेल, जुना बी कॉलममध्ये, नवा सीमध्ये आणि फरक डीमध्ये, तर असं लिहायचं:

```
=IRR(D3:D7)
=NPV(0.121,B3:B7)+B2
=NPV(0.121,C3:C7)+C2
```

पहिल्या ओळीत १२.१ टक्के दिसतील, खालच्या दोन ओळी पडताळणीच्या, दोन्हीकडे जवळपास सारखाच आकडा यायला हवा. एक चूक मी खूप ठिकाणी बघते, म्हणजे वर्ष ० चे ४० लाख NPV च्या कंसातच टाकून देतात, मग शीट ते पैसे एक वर्षाने दिले असं समजून त्यांनाही डिस्काउंट करतं आणि एनपीव्ही चुकतो. ते बाहेर वेगळे मिळवायचे.

इथपर्यंत धाकट्याला पटलं. पण त्याने विचारलं, "ताई, बरोबरीत येतात ते कळलं, पण उलटतात का? रेट वाढला तर दोघांचंही कमी व्हायला पाहिजे ना, मग जो पुढे आहे तो पुढेच राहील."

कमी दोघांचंही होतं, पण सारखं कमी होत नाही, सगळी गोम तिथे आहे. टेबलमध्ये २० लाख दोनदा आलेत बघ असं मी त्याला म्हटलं, जुन्या जॉबला पहिल्या वर्षी आणि नव्याला चौथ्या वर्षी. ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षाच्या २० लाखांची आजची किंमत १८.३५ लाख, १५ टक्क्यांनी १७.३९, म्हणजे रेट सहा टक्क्यांनी वाढल्यावर गेले एक लाखाच्या आत. चौथ्या वर्षाच्या त्याच २० लाखांची किंमत ९ टक्क्यांनी १४.१७ आणि १५ टक्क्यांनी ११.४४, म्हणजे पावणेतीन लाख गेले. रेटचा मार एकदाच बसत नाही, दर वर्षाला एकदा बसतो, जितकी वर्षं लांब तितक्या वेळा. नव्या जॉबचे बहुतेक पैसे तिसऱ्या वर्षापासून पुढे आहेत म्हणून ९ वरून १५ ला जाताना त्याचा एनपीव्ही ८.२१ लाखांनी उतरला आणि जुन्याचा फक्त ५.१३ लाखांनी. नवा सुरुवातीला उंचावरून निघतो, शून्य टक्क्याला तो २७ आणि जुना १८, पण त्याचा उतार जास्त खडा आहे, त्यामुळे उतरता उतरता एका ठिकाणी तो जुन्याला गाठतो आणि खाली जातो.

मग दादा म्हणाला, "अगं मग एवढं कशाला, दोघांचा आयआरआर काढ आणि जास्त असेल तो घेऊ, रेट धरायची भानगडच नको." हे सगळ्यांनाच सुचतं, कारण टक्क्यात आलेलं उत्तर तुलनेला सोपं वाटतं. आयआरआर काढले, जुना १८.८ टक्के, नवा १६.२ टक्के. म्हणजे आयआरआरने बघितलं तर जुनाच, तुमचा रेट ५ असो का १५. पण ९ टक्क्याला तर नव्या जॉबमध्ये पावणेदोन लाख जास्त मिळतायत, ते कुठे गेले?

याचं उत्तर मी त्यांना खातेवहीसारखं मांडून दाखवलं, कारण मलाही ते तसं मांडल्यावरच पहिल्यांदा नीट कळलं होतं. समजा मशीन म्हणजे एक खातं, त्यात ४० लाख ठेवलेत. जुन्या जॉबचं खातं १८.८ टक्के देतं, वर्षाअखेर ४७.५ झाले, त्यातून २० काढले, उरले २७.५. दुसऱ्या वर्षी त्याचे ३२.७ झाले, १६ काढले, उरले १६.७. नव्या जॉबचं खातं १६.२ टक्के देतं, वर्षाअखेर ४६.५, त्यातून फक्त ४ निघाले, उरले ४२.५, दुसऱ्या वर्षी ४९.४ मधून १० काढले तरी ३९.४ शिल्लक. म्हणजे दोन वर्षांनी जुन्या जॉबमध्ये पावणेसतरा लाखच १८.८ टक्क्यांनी कमावतायत आणि नव्यामध्ये जवळपास चाळीस लाख अजून १६.२ टक्क्यांनी कमावतायत. आयआरआर फक्त टक्केवारी सांगतो, किती रकमेवर आणि किती काळ ते सांगत नाही. तुमचा पैसा बाहेर ९ च टक्के कमावत असेल तर जास्त रक्कम जास्त काळ १६ ने गुंतलेली बरी. बाहेर तो १५ ने कामाला येत असेल तर लवकर मोकळा झालेला बरा.

आणि म्हणूनच मला फरकाची ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते, दोन एनपीव्हीपेक्षाही. ती ओळ मराठीत वाचायची. नवा जॉब घेतला तर पहिल्या वर्षी १६ आणि दुसऱ्या वर्षी ६, असे २२ लाख तुम्ही सोडताय, आणि त्याबदल्यात तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी मिळून ३१ लाख जास्त घेताय. म्हणजे नवा जॉब निवडणं म्हणजे जुना जॉब घेणं आणि त्यातून आलेले २२ लाख नव्या पार्टीकडे १२.१ टक्क्यांनी ठेवणं. अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशरने १९३० मध्ये हाच रेट दोन पर्यायांच्या फरकावरून मांडला होता, म्हणून काही जण याला फिशर रेट म्हणतात. अशी वाचली की वाद रेटच्या गणिताचा राहत नाही, प्रश्न एवढाच उरतो की ते २२ लाख तुमच्या हातात लवकर आले तर तुम्ही त्यांचं काय करणार आणि त्यातून १२.१ पेक्षा जास्त मिळतं की कमी.

इथे एक गैरसमज मला मुद्दाम थांबवायला लागला, कारण दादा लगेच म्हणाला मग १२.१ नेच हिशोब करूया. नाही करायचा. १२.१ हा या दोन जॉबच्या आकड्यांतून निघालेला आहे, तुमच्या पैशाची किंमत त्याला माहीतच नाही. ती बाहेरून, तुमच्या धंद्यातूनच यायला पाहिजे. तसंच तो रेट हेही सांगत नाही की मशीन मुळात घ्यावं की नाही. मशीन ४० ऐवजी ४६ लाखांना पडलं असतं तरी क्रॉसओव्हर १२.१ च राहिला असता, कारण दोन्हीकडे सारखाच असलेला आकडा वजाबाकीत उडून जातो, पण त्या रेटला दोन्ही जॉब तोट्यात गेले असते. पाच वर्षांनी मशीन विकून येणारे पैसे आम्ही धरलेच नव्हते, दोन्हीकडे सारखेच आले असते, त्याने दोन्ही एनपीव्ही वर सरकले असते, क्रॉसओव्हर जागचा हलला नसता.

मग त्यांच्या पैशाची खरी किंमत काय? दादाचे ९ टक्के हा या मशीनवर बँक जो कागद देतेय त्याचा भाव, पण बँक पूर्ण ४० देत नव्हती, वरचे घरातून जाणार होते, आणि लोन कुठल्याही जॉबला तेवढंच मिळणार होतं, त्यामुळे दोन जॉबमधल्या फरकाशी त्या ९ चा तसा संबंध लागत नव्हता. धाकट्याचे १५ टक्के खरे होते पण ते वर्षातल्या दोन-तीन महिन्यांचे आणि पाच-सहा लाखांचे, २२ लाखांना तो भाव लावणं जास्तच झालं. मी जुन्या बॅलन्सशीट काढल्या तर शेडच्या वेळचं एका पतसंस्थेचं २५ लाखांचं कर्ज अजून तसंच दिसलं, १३.५ टक्क्यांचं, दर वर्षी व्याज भरून रिन्यू करत आलेले. कधीही मुद्दल भरलं तर चालतं, दंड नाही. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत जास्तीचे २२ लाख आले तर ते सरळ तिथे भरता येतील आणि प्रत्येक रुपयावर १३.५ टक्के वाचतील. दुसरीकडे कुठे ते पैसे खात्रीने यापेक्षा जास्त कमावतील असं दोघांनाही सांगता आलं नाही. मग आम्ही १३.५ धरला.

यात टॅक्सचं एक बघावं लागतं. आमचे जॉबचे आकडे टॅक्सच्या आधीचे होते म्हणून व्याजाचा रेटही टॅक्सच्या आधीचाच घेतला. व्याज खर्चात पडतं, त्यामुळे ३० टक्के टॅक्स धरला तर ते १३.५ टक्के टॅक्सनंतर साडेनऊच्या आसपास येतात. कोणी एका बाजूला टॅक्सआधीचे कॅश फ्लो घेऊन दुसऱ्या बाजूला हा साडेनऊचा रेट लावला तर लगेच नवा जॉब जिंकलेला दिसेल, आणि ती नुसती सरमिसळ असेल. टॅक्सनंतरचं करायचं असेल तर कॅश फ्लोही टॅक्सनंतरचे करा, मग क्रॉसओव्हरही नव्याने निघेल.

१३.५ ने जुना जॉब ३.९९ लाख आणि नवा ३.३१ लाख. फरक फक्त ६८ हजारांचा, ४० लाखांच्या मशीनवर पाच वर्षांत. धाकटा खूश झाला, पण मी त्याला सांगितलं की एवढ्याशा फरकावर नाचू नको. आपला रेट क्रॉसओव्हरच्या जवळ असला की ग्राफवर दोन्ही एनपीव्हीच्या रेषा जवळजवळ एकमेकींवर असतात आणि एनपीव्ही तिथे फारसा निकाल देत नाही. तिथे बघायचं असतं की आकडे थोडे हलले तर क्रॉसओव्हर कुठे पळतो, कारण तो फरकाच्या ओळीवर उभा असतो आणि फरक हा मूळ आकड्यांपेक्षा लहान असतो, त्यामुळे थोड्या धक्क्यानेही तो खूप सरकतो.

आम्ही दोनच धक्के देऊन बघितले. पहिला, नव्या पार्टीचं सॅम्पल अप्रूव्हल लांबलं आणि पहिल्या वर्षीचे ४ लाख आलेच नाहीत, बाकी सगळं जसंच्या तसं. क्रॉसओव्हर १२.१ वरून थेट ५.९ वर आला. म्हणजे दादाच्या ९ टक्क्यांनीसुद्धा आता जुनाच पुढे, जुना ७.९३ आणि नवा ५.९९. चार लाखांच्या एका आकड्याने सहा टक्के पळवले. दुसरा धक्का उलटा, जुन्या मॉडेलची घसरण लवकर झाली आणि दुसऱ्या वर्षी १६ ऐवजी १२ च आले. आता क्रॉसओव्हर १८.९ वर गेला, पण त्या रेटला दोघांचाही एनपीव्ही शून्याच्या खाली आहे, म्हणजे रेषा पाण्याखाली छेदतायत. अशावेळी तो आकडा छापून ठेवण्यात अर्थ नाही, कारण जिथे घेण्यासारखं काही आहे तिथे सगळीकडे नवाच पुढे आहे.

एक आणखी. आपल्या फरकाच्या ओळीत चिन्ह एकदाच बदलतं, आधी दोन वर्षं वजा, मग तीन वर्षं अधिक, म्हणून क्रॉसओव्हर एकच निघाला. शेवटी पाचव्या वर्षी नव्या जॉबला नवीन फिक्स्चरचा मोठा खर्च असता आणि चिन्ह पुन्हा उलटलं असतं तर दोन क्रॉसओव्हर निघू शकले असते, किंवा एकही नाही, आणि IRR चा फॉर्म्युला त्यातला कुठलातरी एकच दाखवून गप्प बसला असता. शंका आली तर शून्यापासून २५ टक्क्यांपर्यंत एकेक टक्क्याने दोन्ही एनपीव्ही काढून ग्राफ टाकायचा, डोळ्यांनी दिसतं.

शेवटी प्रश्न दोन धक्क्यांपैकी कुठला जास्त शक्य आहे यावर आला, आणि तो माझ्या अखत्यारीतला नव्हता. धाकट्याने आधीच्या तीन नव्या पार्ट्यांच्या अप्रूव्हलच्या तारखा काढल्या, तीनही वेळा ठरल्यापेक्षा चार महिन्यांहून जास्त लागले होते. दादाने जुन्या पार्टीकडून पुढच्या दोन वर्षांचं शेड्यूल लेखी मागितलं, त्यांनी पहिल्या वर्षाचं पक्कं आणि दुसऱ्याचं अंदाजे दिलं, १६ लाखांना पुरेल एवढं. मामा इतका वेळ गप्प होता, त्याने फक्त विचारलं, "पतसंस्थेचं कधी फिटेल?" जुन्या जॉबने दुसऱ्या वर्षाअखेर बरंचसं, नव्याने चौथ्या वर्षी, असं मी सांगितलं.

मशीनची ऑर्डर गेली, जुना जॉब घेतला. नव्या पार्टीला दादाने नाही म्हटलं नाही, तुम्ही अप्रूव्हलच्या काळातला मशीनचा वेळ पैसे देऊन घेणार असाल तर बोलू असं कळवलंय. मी शीटमध्ये हिशोब करून ठेवलाय, त्यांचा आकडा आला की नव्या जॉबच्या पहिल्या वर्षात टाकायचा, फरकाची ओळ आपोआप बदलेल.